थंडीचे पाच महिने आइस्क्रीमचं नाव कसं टिकवायचं?

गोठणबिंदू

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचक होतो, आज अडलोय म्हणून धागा काढतोय.

आमचा आइस्क्रीमचा छोटा ब्रँड आहे, वडिलांनी सुरू केलेला. वर्षाच्या विक्रीतला ७० टक्के माल उन्हाळ्याच्या चार महिन्यांत जातो. थंडीचे पाच महिने म्हणजे जवळजवळ शुकशुकाट, आणि उरलेले तीन महिने धड इकडचे ना तिकडचे. दरवर्षी आम्ही थंडीत जाहिरात पूर्ण बंद करतो आणि हंगामाच्या तोंडावर एकदम जोर लावतो. आणि दरवर्षी वाटतं की पहिले तीन आठवडे नव्याने ओळख करून देण्यातच जातात. दुकानदारसुद्धा विचारतो, "चालू आहे का अजून तुमचं?"

यंदा दोन गोष्टी डोक्यात आहेत. एक म्हणजे जाहिरातीचे जे काही पैसे आहेत ते बारा महिन्यांवर सारखे पसरायचे. दुसरी म्हणजे थंडीपुरता वेगळा पॅक काढायचा: तपकिरी रंग, लोकरीच्या विणीचं डिझाइन, वाफाळता कप वगैरे. आमचा नेहमीचा पॅक पिवळा आहे, वर निळा पट्टा. अनुभवी लोकांनी सांगावं.

थेटप्रश्न

थंडीत आइस्क्रीम खाऊन सर्दी होते हा लोकांचा समज आहे, मूळ अडचण तिथे आहे. सर्दी विषाणूने होते, थंड पदार्थाने नाही, हे जाहिरातीत ठणकावून सांगा. विक्री आपोआप वाढेल.

गोठणबिंदू

थेटप्रश्न, विक्री वाढली तर आनंदच आहे, पण माझा प्रश्न विक्रीचा नाही. थंडीत कमी खपणार हे मी धरूनच चाललोय. लोकांनी आणि दुकानदारांनी आम्हाला विसरू नये एवढंच हवंय.

आकडेमोड

जाहिरातींच्या वेळापत्रकाचं काम करतो, म्हणून पहिल्या मुद्द्यावर लिहितो.

१९५९ मध्ये झिल्स्के नावाच्या संशोधकाने एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला होता. एकाच जाहिरातमालेतल्या १३ जाहिराती बायकांच्या दोन गटांना टपालाने पाठवल्या. एका गटाला दर आठवड्याला एक, म्हणजे तीन महिन्यांत सगळ्या संपल्या. दुसऱ्या गटाला दर चार आठवड्यांनी एक, म्हणजे वर्षभर पुरल्या. पहिल्या गटात तेराव्या आठवड्याला ६३ टक्के जणींना जाहिरात आठवत होती, पण पाठवणं थांबल्यावर हा आकडा धाडकन उतरला. दुसऱ्या गटात चढण सावकाश होती, पण वर्षअखेरीस ४८ टक्के जणींना आठवत होतं. खर्च दोन्हीकडे सारखाच.

तेव्हा पैसे पसरा. दुसरा हिशेबही तेच सांगतो. आमच्याकडे जाहिरातीच्या परिणामाचं अर्धायुष्य धरतात. ते तीन आठवडे मानलं, तर पाच महिन्यांच्या शांततेत परिणाम सात वेळा अर्धा होतो, म्हणजे उरतो १२८ वा भाग. हंगाम सुरू होताना तुम्ही शून्यावर असता, हे तुम्हाला वाटतंय ते बरोबरच आहे.

जुनी_पेटी

आकडेमोड, प्रयोग बरोबर सांगितलात, निष्कर्ष मात्र घाईचा आहे. त्या प्रयोगातला माल हंगामी नव्हता, वर्षभर कधीही आठवला तरी चालण्यासारखं होतं. यांचा ७० टक्के माल चार महिन्यांत जातो. यांना उंच शिखर हवंय ते नेमकं हंगामाच्या दारात. बारा महिने सारखे पसरले तर ऐन थंडीत माणसाला जाहिरात आठवते आणि हंगामात शेजारचा ब्रँड यांच्या चौपट आवाज करतो.

आणि तो १२८ वा भाग. अर्धायुष्याचं गणित जाहिरातीने विक्रीला जो तात्पुरता धक्का बसतो त्याचं आहे, नावाच्या ओळखीचं नाही. लहानपणी खाल्लेल्या आइस्क्रीमचा पॅक माणूस वीस वर्षांनीही ओळखतो. तुमच्या सूत्राने तर तो तिसऱ्याच वर्षी विसरायला हवा.

असो. गोठणबिंदू, मी आइस्क्रीमच्या वितरणात २६ वर्षं काढली, आता घरी बसलोय. जाहिरातीआधी मला एक सांगा. दुकानांत तुमच्या किती पेट्या आहेत, आणि आज या घडीला त्यातल्या किती चालू आहेत?

गोठणबिंदू

काका, पेट्या म्हणजे डीप फ्रीझर ना? १८० आहेत, सगळ्या आमच्याच मालकीच्या. चालू किती ते बघावं लागेल. थंडीत सेल्समन महिन्यातून एकदा जातो, तोही सगळीकडे नाही.

जुनी_पेटी

बघा आणि मगच पुढे बोलू. फोनवर विचारू नका, फोनवर सगळ्या चालूच असतात. माणूस पाठवा, झाकण उघडायला लावा, आत हात घालायला लावा.

मीराद

काका पेट्या मोजून घेतील तोवर मी पॅकबद्दल लिहिते. पॅकेजिंग डिझाइन हेच माझं काम.

तपकिरी पॅक कृपया काढू नका. तुमच्याकडे पिवळा आणि निळा पट्टा ही एकच गोष्ट अशी आहे जी माणूस नाव न वाचता दहा फुटांवरून ओळखतो. थंडीत तुम्ही दिसणार आधीच कमी, आणि जेव्हा दिसाल तेव्हाही वेगळ्या वेशात? वर्षातले पाच महिने तपकिरी शिकवायचं आणि मग परत पिवळ्यावर यायचं. म्हणजे थंडीत पैसे देऊन स्वतःचीच ओळख पुसायची.

करायचंच असेल तर पिवळा रंग आणि पट्ट्याची जागा तशीच ठेवा, बदल झाकणाच्या एका कोपऱ्यात करा. आमच्याकडे साधी चाचणी असते. पॅकच्या फोटोवरून नाव पुसायचं आणि शंभर-दीडशे लोकांना विचारायचं, हे कोणाचं? दोन आकडे मोजायचे: किती जणांनी तुमचं नाव घेतलं, आणि किती जणांनी दुसऱ्याचं घेतलं. दुसरा आकडा मोठा निघाला तर तो रंग तुमचा नाहीच, तुम्ही आजवर दुसऱ्याची जाहिरात करत आलात.

छत्रीवाला

वाचतोय. आमची गत याहून वाईट. तुमचं आइस्क्रीम थंडीत थोडं तरी खपतं. छत्री पाऊस थांबला की कपाटाच्या मागे जाते, ती थेट पुढच्या पावसाला बाहेर येते.

आम्ही चार वर्षांपूर्वी हुशारी केली. कोरड्या महिन्यांसाठी त्याच नावाने पाठीवरच्या बॅगा काढल्या. बॅगा बऱ्या खपल्या. पण पावसाळ्याआधी दुकानात लोकांना विचारलं, तर बॅग वापरणाऱ्यांपैकी फार थोड्यांना तोच ब्रँड छत्र्या करतो हे माहीत होतं. बॅगेवर नाव होतं, पण छत्रीची कुठलीच खूण नव्हती, ना रंग ना मूठ. थोडक्यात आम्ही एका नावाचे दोन अनोळखी ब्रँड करून ठेवले.

आकडेमोड

पण उलट्या हंगामाचा माल काढणं हा जुना आणि यशस्वी मार्ग आहे की. इंग्लंडमधला वॉल्स हा मुळात सॉसेजचा ब्रँड. उन्हाळ्यात सॉसेज खपत नाहीत म्हणून त्यांनी आइस्क्रीम काढलं, आणि आज लोक त्यांना आइस्क्रीमसाठीच ओळखतात.

जुनी_पेटी

वॉल्सची गोष्ट खरी आहे. कल्पना १९१३ ची, मध्ये युद्ध आलं आणि माल १९२२ मध्ये निघाला. पण कारण नीट बघा. उन्हाळ्यात काम नाही म्हणून कामगार कमी करावे लागायचे, ते टाळायला आइस्क्रीम काढलं. कारखाना आणि माणसं चालू ठेवण्याचा तो उपाय होता, सॉसेजचं नाव आठवणीत ठेवण्याचा नव्हता. उलटा हंगामी माल कारखान्याचा पगार भागवतो. मूळ मालाची आठवण ठेवेलच असं नाही, छत्रीवाल्यांनी ते भोगलंय.

खिडकीपाशी

कोका कोलाचं उदाहरण कोणी कसं दिलं नाही? उन्हाळी पेय, पण त्यांनी सांताक्लॉजला लाल कपडे घातले आणि हिवाळा ताब्यात घेतला. लाल सांता त्यांचाच शोध.

मीराद

शोध त्यांचा नाही हो. लाल कपड्यांतला सांता त्याआधीही चित्रांत दिसायचा. सुंडब्लॉम या चित्रकाराने १९३१ पासून त्यांच्यासाठी सांता काढायला घेतला, तो गुबगुबीत हसरा सांता लोकांच्या मनात बसला, इतकंच.

मला त्यातली आधीची पायरी जास्त आवडते. १९२२ मध्येच त्यांनी 'तहानेला ऋतू नसतो' अशा अर्थाची ओळ वापरली होती. म्हणजे माल तोच, बाटली तीच, रंग तोच. बदलला तो फक्त प्रसंग. तपकिरी पॅकच्या अगदी उलट.

जुनी_पेटी

आणि हेही विसरू नका की चित्र बघून माणूस दुकानात गेला तर तिथे बाटली होती. आपला मुद्दा तिथेच अडलाय.

गोठणबिंदू (नऊ दिवसांनी)

काका, मोजल्या. लिहायलाही लाज वाटतेय.

१८० पैकी ६१ बंद. वायर काढलेली, त्यातल्या बऱ्याच पेट्यांवर खोकी रचलेली. ४३ चालू आहेत पण आत आमचा माल नाही किंवा नावाला आहे; गोठवलेले मटार, पाण्याच्या बाटल्या, एका ठिकाणी दुकानदाराच्या घरचं पीठ. राहिल्या ७६, त्यात आमचा माल आहे. पण त्यातल्या १९ दुकानांत रात्री पेटी बंद करतात असं दुकानदाराने स्वतःच सांगितलं. वीजबिल परवडत नाही म्हणे.

म्हणजे थंडीत आमची धड पेटी १८० पैकी ५७. मी जाहिरातीचे पैसे पसरायला निघालो होतो.

जुनी_पेटी

लाज कसली. बहुतेकांचं असंच असतं, फक्त कोणी मोजत नाही.

आता त्या १९ पेट्यांबद्दल आधी बोलू, कारण बंद पेटीपेक्षा त्या घातक आहेत. बंद पेटी तुमचं नाव फक्त लपवते. रात्री बंद होणारी पेटी तुमचं नाव खराब करते. आइस्क्रीम उणे १८ अंशांना ठेवायचं असतं. रात्री पेटी बंद झाली की तापमान चढतं, बर्फाचे बारीक कण वितळतात. सकाळी पेटी सुरू झाली की ते पाणी उरलेल्या कणांवर चढून गोठतं आणि कण मोठे होतात. एका रात्रीत कळणार नाही, पण पंधरा रात्रींत मऊ आइस्क्रीमचं करकरीत बर्फाळ ढेकूळ होतं. थंडीत तर पेटी अर्धी रिकामी असते, आणि भरलेल्या पेटीपेक्षा रिकामी पेटी लवकर तापते. माल हलत नाही म्हणून तोच कप दीड-दीड महिना हे सोसतो.

ओळखायचं कसं? झाकण उघडा. झाकणाच्या आतून बर्फाचा भुगा जमलाय, आइस्क्रीम कपाच्या कडेपासून सुटून आत आक्रसलंय, चमचा घातला की कचकच वाजतंय. यातलं एक जरी दिसलं तरी तो माल उचला.

आता विचार करा. ऐन थंडीत जो माणूस हौसेने तुमचा कप घेतो तो तुमचा सगळ्यात पक्का गिऱ्हाईक. त्याच्या हातात वर्षातला सगळ्यात वाईट कप जातो, आणि हंगाम सुरू होताना त्याच्या तोंडात तीच चव असते. यावर कुठली जाहिरात उपाय करणार?

थेटप्रश्न

बापरे. गेल्या महिन्यात मी खाल्लेला कप अगदी असाच होता. मला वाटलं कंपनीने माल स्वस्त केला. परत घेतला नाही.

जुनी_पेटी

बघा, साक्षीदार आला. दुकानदाराला कोणी दोष देत नाही, पॅकवर ज्याचं नाव असतं त्याला देतात.

गोठणबिंदू

मग करू काय? १८० च्या १८० पेट्या थंडीत चालू ठेवणं शक्यच नाही, तेवढा माल हलत नाही.

जुनी_पेटी

ठेवायच्याही नाहीत. पेट्यांचे दोन गट करा: जाग्या आणि झोपलेल्या. अर्धवट जागी एकही नको.

जाग्या ६० ते ७० धरा. निवडताना उन्हाळ्याच्या विक्रीने निवडू नका, लोकांच्या नजरेने निवडा. रोज ये-जा असलेली जागा, पेटी दाराशी, झाकण दिसतंय, अशी दुकानं. तुमच्याकडे प्रकार किती आहेत?

गोठणबिंदू

२२.

जुनी_पेटी

जाग्या पेट्यांत थंडीला सात ठेवा. त्यातले चार घरी न्यायचे मोठे डबे आणि तीन कप. रस्त्यात उभं राहून खाणं थंडीत सगळ्यात आधी थांबतं, घरी जेवणानंतर खाणं तितकं थांबत नाही. आणि डबा घरच्या फ्रीझरमध्ये आठवडाभर बसतो, बर्फाचा ट्रे काढताना रोज दिसतो. तुम्ही ज्याला आठवण म्हणता ती तिथे घडते.

वीजबिलाचं दुखणं खरं आहे, ते नाकारू नका. थंडीपुरतं बिलाच्या अंदाजे निम्म्या किमतीचा माल फुकट द्या, रोख देऊ नका. रोख घेऊन तो पेटी बंदच करेल. फुकट माल विकायचा तर पेटी चालवावी लागते. पेटीत तापमापी टाका, आणि सेल्समनने दर पंधरा दिवसांनी जाऊन आकडा लिहायचा. उणे १५ च्या वर दिसला की पुढचा फुकट माल बंद. मात्र दिवसा कधी गेलं तरी आकडा बरा दिसतो, म्हणून महिन्यातून एकदा दुकान उघडतानाच जायचं.

आकडेमोड

हे वाचून मी थोडा मागे हटतोय. ५७ पेट्यांवर वर्षभर पसरलेली जाहिरात म्हणजे लोकांना बंद दाराशी पाठवणं. तरी एक म्हणेन. हंगामाच्या दारात शिखर हवं हे मान्य, पण थंडीत पूर्ण शून्य नको. शंभरातले दहा-बारा थंडीत ठेवा, तेही फक्त जाग्या पेट्यांच्या आसपास. आणि हंगामाच्या सहा आठवडे आधी चढायला लागा. ऐन उन्हात सगळेच ओरडतात, तेव्हा तेवढ्याच पैशात तुमचा आवाज कमी ऐकू येतो.

जुनी_पेटी

सहा आठवडे आधी पेट्या भरलेल्या असतील तर. नाहीतर चार.

मीराद

थंडीतल्या त्या दहा-बारात काय दाखवायचं त्याबद्दल थोडं. उन्हाळ्यात तुमची आठवण आपोआप निघते, अंगाला घाम आला की झालं. थंडीत ती दोरी तुटलेली असते. म्हणून दुसरी दोरी लागते, आणि ती लोकांच्या रोजच्या जगण्यातूनच उचलावी लागते: अचानक पाहुणे आले, मुलाचा निकाल लागला, गरम गोडाबरोबर काहीतरी गार हवंय. यातला एकच प्रसंग घ्या आणि तीन-चार वर्षं तोच दाखवा. दरवर्षी नवा प्रसंग शोधाल तर एकही बसणार नाही. चित्रात पिवळा डबा मोठा हवा, लोकर लहान.

आणि थंडीत भाव पाडून ओळख टिकवायला जाऊ नका. पाच महिने स्वस्त मिळालेली वस्तू सहाव्या महिन्यात माणसाला महाग वाटते.

छत्रीवाला

जागी पेटी आणि झोपलेली पेटी. मला हे शब्द फार आवडले. छत्रीची कायम झोपलेलीच हो.

यावरून आमचं एक यश सांगतो, नाहीतर वाटायचं की यांनी नुसती रडकथाच आणली. छत्री मिटून कपाटात असते तेव्हा तिच्या कापडावरचं नाव घडीत जातं. आम्ही वर्षानुवर्षं नाव कापडावर छापत होतो. मग एकदा घरच्याच कपाटात डोकावलं तेव्हा लक्षात आलं की मिटलेल्या छत्रीचे दोनच भाग दिसतात, मूठ आणि गुंडाळायची पट्टी. आता मुठीच्या टोकाला केशरी टोपण असतं आणि पट्टीवर नाव. आठ महिने कपाट उघडलं की ते टोपण दिसतं. मीराताई सांगतात तशी चाचणी केलेली नाही, पण दुकानात लोक "ती केशरी मुठीची द्या" म्हणू लागलेत.

दुसरं म्हणजे दुरुस्ती. पाऊस संपला की दीड महिन्याने आम्ही गिऱ्हाइकांना निरोप पाठवतो की मोडलेली छत्री आणा, काडी किंवा बटण फुकट बदलून देऊ. पाऊस यायच्या आधी सगळे एकदम येतात आणि कारागीर पुरत नाहीत. कोरड्या महिन्यात येणारे थोडे असतात, पण कारागिराचे हात रिकामे असतात आणि माणसाशी दोन शब्द बोलता येतात. गंमत म्हणजे निम्मे लोक दुसऱ्याच ब्रँडच्या छत्र्या आणतात. सुरुवातीला परत पाठवायचो. आता काडी बसवतो आणि आमचं केशरी टोपणही लावून देतो.

खिडकीपाशी

दुसऱ्याच्या छत्रीला तुमचं टोपण! याला चोरी म्हणावं की सेवा?

छत्रीवाला

विचारून लावतो हो.

मीराद

माझा थोडा विरोध नोंदवून ठेवते. दुसऱ्याची सुमार छत्री तुमच्या टोपणासह वाऱ्यात उलटी झाली, तर नाव तुमचं जाईल. काकांच्या रात्री बंद होणाऱ्या पेटीसारखंच हे.

छत्रीवाला

हं. हा विचार केला नव्हता.

गोठणबिंदू

काका, जाग्या पेट्यांचं कळलं. उरलेल्या ११० झोपलेल्यांचं काय? परत आणायला गोदामात जागा नाही, आणि वाहतूकही परवडत नाही.

जुनी_पेटी

दुकानातच राहू द्या, पण रीतसर झोपवा. वायर काढून सोडलेली पेटी आणि झोपवलेली पेटी यांत फरक असतो.

आतला सगळा माल उचला, एक कपही ठेवू नका. बर्फ पूर्ण वितळू द्या, पुसून कोरडी करा, आणि झाकणाच्या फटीत लाकडाची चकती ठेवून झाकण बोटभर उघडं ठेवा. घट्ट बंद केली की आत बुरशी येते आणि असा कुबट वास बसतो की हंगामात पहिला आठवडा धुण्यात जातो, तरी जात नाही. मग वरून कापडी खोळ घाला. पिवळी, निळ्या पट्ट्याची, बाहेरून पॅकसारखीच दिसणारी. खोळीवर एकच ओळ: पुन्हा कधी सुरू होणार त्याची तारीख. म्हणजे "चालू आहे का अजून तुमचं" हा प्रश्नच येत नाही. आणि खोळीचा वरचा भाग उतरता शिवा. सपाट पेटीवर खोकी येतात, उतरत्यावर राहत नाहीत.

मीराद

उतरती खोळ! काका, तुम्ही डिझाइनमध्ये यायला हवं होतं.

गोठणबिंदू (पाच महिन्यांनी)

धागा वर काढतोय, कारण कबूल केलं होतं.

काय केलं ते आधी. तपकिरी पॅक रद्द. जाग्या पेट्या ६८ ठरवल्या, हंगाम सुरू होताना तपासल्या तर ६१ खरोखर जाग्या होत्या. सात जणांनी फुकट माल घेऊन दोन महिन्यांत पेटी बंद केली. झोपवल्या ११२, पण खोळी वेळेत ९० च झाल्या.

नाव पुसून फोटो दाखवायची चाचणी १२० लोकांवर केली. ४४ जणांनी आमचं नाव घेतलं, ३१ जणांनी एका मोठ्या ब्रँडचं. मीराताई, पिवळा आमचा एकट्याचा नाही हे कळलं. निळा पट्टा झाकून विचारलं तर आमचं नाव फक्त १७ जणांनी घेतलं. म्हणजे ओळख पट्ट्यात आहे, रंगात नाही. यंदा पट्टा रुंद करतोय.

हंगामाची पहिली ऑर्डर जाग्या पेट्यांच्या दुकानांतून सरासरी ११ दिवस आधी आली. खराब मालाच्या तक्रारी निम्म्याहून कमी झाल्या.

आकडेमोड

अभिनंदन. पण ११ दिवस कोणाच्या तुलनेत? जाग्या पेट्या तुम्ही मुळातच रहदारीच्या दुकानांत ठेवल्या होत्या. तिथून ऑर्डर तशीही आधी येत असेल.

गोठणबिंदू

झोपलेल्यांच्या तुलनेत. त्याच दुकानांची गेल्या वर्षीची तारीख बघायला हवी हे आत्ता सुचतंय. जुन्या वह्यांत ४० दुकानांच्या तारखा मिळतील.

जुनी_पेटी

त्या काढा. आणि गेल्या वर्षी उन्हाळा लवकर आला होता की उशिरा तेही बघा, नाहीतर सगळं श्रेय पेटीला जाईल. तीन हंगाम झाल्याशिवाय मी तरी काही छातीठोक सांगणार नाही. तक्रारी कमी झाल्या त्यावर मात्र माझा विश्वास आहे, तिथे कारण डोळ्यांसमोर आहे. आणि त्या सात जणांचं काय केलंत?

गोठणबिंदू

पुढच्या थंडीत त्यांच्या पेट्या झोपलेल्यांत.

छत्रीवाला

आणि खोळी टिकल्या का? आम्हीही प्रदर्शनातल्या छत्र्यांच्या स्टँडला शिवायच्या म्हणतोय.

गोठणबिंदू

९० पैकी ७२ परत मिळाल्या. चार उंदरांनी खाल्ल्या, बाकीच्यांचा पत्ता नाही. एक मात्र सापडली. काल सिग्नलला उभा होतो, शेजारी आमच्या एका दुकानदाराची स्कूटर लावलेली. तिच्यावर आमची पिवळी खोळ, निळा पट्टा बरोबर सीटवर आणि तारीख मागच्या दिव्यावर. मागायला गेलो तर म्हणाला, "राहू द्या ना, अगदी मापाची आहे."

जुनी_पेटी

राहू द्या. फक्त तारीख तेवढी बदलून द्या, ती उलटून गेली आहे.